रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण कुणापैकी? झाड काढून फॉल्स पॉझिटिव्हचं गणित

गेल्या उन्हाळ्यात आमच्या काकीनं फुल बॉडी चेकअपचं पॅकेज करून घेतलं. ऑफर होती म्हणून, बाकी काही कारण नव्हतं. जिना चढताना गुडघे जरा धरतात, पण साठीनंतर ते कुणाचे धरत नाहीत? संध्याकाळी व्हॉट्सअपवर पीडीएफ आली आणि तिसऱ्या पानावर एक ओळ ठळक अक्षरात, `RA Factor`, आकडा ३४ आणि शेजारी लिमिट २०. म्हणजे पॉझिटिव्ह. ही टेस्ट रुमेटॉइड आर्थरायटिससाठी असते, ज्याला आपल्याकडं आमवात म्हणतात, बोटांचे सांधे वाकडे करणारा तो. काकीनं लॅबला फोन लावला, तिकडच्या पोरानं सांगितलं की टेस्ट ९० टक्के अ‍ॅक्युरेट आहे मॅडम, आणि झालं, रात्री जेवायला बसलो तर पांढरा रस्सा तसाच वाटीत गार होतोय आणि काकी म्हणतेय, "नव्वद टक्के मला आमवात झालाय की रं."

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बारावी आणि बीएस्सीच्या पोरांचे स्टॅट्सचे क्लास घेतो. दरवर्षी कंडिशनल प्रोबॅबिलिटीला निम्मी पोरं बरोबर ह्याच ठिकाणी पडतात जिथं काकी पडली, त्यामुळं मला उत्तर माहीत होतं, पण फॉर्म्युला सांगून काकीला पटणार नव्हतं. मग त्याच लॅबच्या पाकिटाच्या मागं झाड काढलं. तेच झाड इथं पायरीपायरीनं काढून दाखवतो, कोरा कागद आणि पेन घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी एक शब्द पकडा: पैकी

टेस्टच्या कुठल्याही गणितात टक्का दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, कुणापैकी? इंग्रजी पुस्तकात जो उभी रेघ मारून P(A|B) लिहितात त्यातली ती रेघ म्हणजे आपला "पैकी" आहे, फक्त उलट्या क्रमानं. P(+|आजार) म्हणजे आजारी लोकांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात, आणि P(आजार|+) म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जण खरंच आजारी आहेत. दिसायला सारखंच वाटतं पण छेद बदलला, म्हणजे अख्खा प्रश्नच बदलला.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पहाटे जाऊन बघा. तालमीतल्या पैलवानांपैकी जवळपास सगळे दूध पितात. पण कट्ट्यावर दूध प्यायला उभ्या असलेल्यांपैकी किती पैलवान असतात? थोडेच, बाकी आपल्यासारखे पोट सुटलेले. पहिला टक्का शंभरच्या जवळ असला तरी दुसरा दहासुद्धा नसेल, कारण गावात पैलवान मुळातच कमी आणि बाकी जनता लई. काकीचं बरोबर हेच झालं होतं, तिला पहिला टक्का सांगितला गेला (तोही धड नाही, त्यावर येतो) आणि तिनं तो दुसरा समजून घेतला.

पायरी १: तीन आकडे गोळा करा

झाडाला तीनच आकडे लागतात. एक, टेस्ट करायच्या आधी अशा माणसाला तो आजार असायची शक्यता किती. दोन, आजारी लोकांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह येतात, ह्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. तीन, आजार नसलेल्यांपैकी किती टक्के उगाचच पॉझिटिव्ह येतात, हा फॉल्स पॉझिटिव्ह रेट. बऱ्याचदा गणितात तिसरा आकडा थेट देत नाहीत, स्पेसिफिसिटी ९० टक्के असं देतात, म्हणजे निरोगी लोकांपैकी ९० टक्के बरोबर निगेटिव्ह येतात, तर मग १०० मधून वजा करून फॉल्स पॉझिटिव्ह १० टक्के घ्यायचे.

काकीसाठी मी असे गोल आकडे धरले: आजार १ टक्का, सेन्सिटिव्हिटी ७० टक्के, फॉल्स पॉझिटिव्ह १० टक्के. हे हिशोबासाठी धरलेले आहेत हां, कुठल्या एका लॅबचे नाहीत, किट बदललं की आकडे सरकतात, आणि ह्या टेस्टचं तर असं आहे की वय वाढलं की धडधाकट माणसांमध्येसुद्धा ती जास्त वेळा पॉझिटिव्ह येते, टीबी किंवा हिपॅटायटिस सी असला तरी येते. पण आकड्यांची जात खरी आहे: आजार कमी लोकांना, टेस्ट बरी पण अगदी पक्की नाही.

पायरी २: १०,००० माणसं उभी करा

टक्क्यात हिशोब करू नका, माणसं मोजा. ०.०१ गुणिले ०.७ म्हटलं की डोळे फिरतात, पण काकीसारखी दहा हजार माणसं खासबाग मैदानात बसलीत आणि सगळ्यांची टेस्ट केली असं म्हटलं की काकीलासुद्धा कळतं. दहा हजारच का, तर शंभर घेतली तर आजारी माणूस एकच येतो आणि मग त्याचे ७० टक्के म्हणजे ०.७ माणूस, ते बरं दिसत नाही.

पायरी ३: पहिल्या फांद्या आजाराच्या, दुसऱ्या टेस्टच्या

बुंध्यावर १०,००० लिहा. तिथून दोन फांद्या, आजार आहे आणि आजार नाही. प्रत्येक फांदीला परत दोन डहाळ्या, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह.

```
१०,०००
├─ आजार आहे (१%)     →   १००
│    ├─ + (७०%)      →    ७०
│    └─ − (३०%)      →    ३०
└─ आजार नाही (९९%)   → ९,९००
     ├─ + (१०%)      →   ९९०
     └─ − (९०%)      → ८,९१०
```

क्रम आजार आधी, टेस्ट नंतर असाच ठेवायचा. पोरं विचारतात की सर प्रत्यक्षात तर आपल्याला टेस्ट आधी कळते मग झाड उलटं का. कारण सोपं आहे, आपल्याकडं जे आकडे आहेत ते "आजारी लोकांपैकी" आणि "निरोगी लोकांपैकी" असे आहेत, म्हणजे आधी आजारी आणि निरोगी हे दोन गट पाडल्याशिवाय ते आकडे लावायला जागाच नाही. उलटं झाड काढलंत तर पहिल्याच फांदीवर काय लिहायचं ते कळणार नाही, आणि तसं अडलात की समजा क्रम चुकलाय.

इथंच अजून एक चूक इतक्या वेळा बघितलीय की आता मी फळ्यावर ती आधीच लिहून खोडतो. गणितात ७० आणि १० हे दोन आकडे दिलेले असतात, मग पोरं एकाच फाट्यावर, एका डहाळीला ७० आणि दुसऱ्या डहाळीला १० लिहून मोकळी. बेरीज ८०, मग उरलेली २० टक्के माणसं मैदानातून पळून गेली काय? एका फाट्यावरच्या दोन टक्क्यांची बेरीज १०० आलीच पाहिजे. ७० चा जोडीदार ३० आणि १० चा जोडीदार ९०, आणि हे दोन फाटे वेगवेगळ्या फांद्यांवर आहेत.

आता टोकाचे चार आकडे जोडून बघा, ७० आणि ३० आणि ९९० आणि ८,९१०. दहा हजार आले? मग झाड ठीक उभं राहिलंय. नाही आले तर पुढं जाऊच नका.

पायरी ४: फक्त पॉझिटिव्ह टोकं उचला

काकी कुठं आहे ते आपल्याला माहीत नाही, पण ती पॉझिटिव्ह आलीय एवढं माहीत आहे. म्हणजे निगेटिव्ह आलेल्या सगळ्यांना मैदानातून घरी जायला सांगा. ३० आणि ८,९१० गेले. आता मैदानात उरले ७० आणि ९९०, मिळून १,०६०. काकी ह्या १,०६० मध्ये आहे. ह्यांच्यापैकी खरंच आजारी किती, तर ७०.

७० भागिले १,०६०, म्हणजे ६.६ टक्के. साधारण पंधरा पॉझिटिव्हांमागं एक जण खरा आजारी.

काकीनं पाकीट हातात घेतलं, बराच वेळ ९९० वर बोट ठेवून बसली, मग म्हणाली, "एवढ्यांचं मशीन खोटं बोलतंय व्हय?" मशीन दहात एकदाच चुकतंय, पण ते चुकायला ९,९०० माणसं आहेत, आणि बरोबर पकडायला फक्त १००. मोठ्या ढिगातला छोटा टक्का लहान ढिगातल्या मोठ्या टक्क्याला गिळून टाकतो, फॉल्स पॉझिटिव्हची सगळी गंमत ह्या एका ओळीत आहे.

आणि तो लॅबमधल्या पोराचा ९० टक्के अ‍ॅक्युरेट? खोटा नाहीच तो. बरोबर निकाल मिळालेली माणसं मोजा, ७० अधिक ८,९१०, म्हणजे ८,९८०, दहा हजारांपैकी जवळजवळ ९० टक्के. पण हा सगळ्या टेस्ट केलेल्यांपैकीचा टक्का आहे, पॉझिटिव्हांपैकीचा नाही. शिवाय अ‍ॅक्युरसी हा आकडा किती फसवा असतो बघा, मी घरी एक डबा बनवला जो रक्त न बघताच प्रत्येकाला निगेटिव्ह सांगतो, तर तो ९,९०० जणांच्या बाबतीत बरोबर ठरेल, अ‍ॅक्युरसी ९९ टक्के! टेस्टपेक्षा डबा भारी. म्हणून नुसती अ‍ॅक्युरसी सांगितली की मी कान बंद करतो.

पेपरात लिहायचं असेल तर

परीक्षेत माणसं मोजली तरी उत्तर बरोबरच येतं, पण काही सरांना फॉर्म्युला लागतो, तर तो ह्याच झाडातून निघतो. फांदीवरून चालत जाताना गुणाकार करायचा, आणि वेगवेगळी टोकं एकत्र करताना बेरीज.

```
P(आजार आणि +)  = ०.०१ × ०.७० = ०.००७
P(निरोगी आणि +) = ०.९९ × ०.१० = ०.०९९
P(+)            = ०.००७ + ०.०९९ = ०.१०६
P(आजार | +)     = ०.००७ / ०.१०६ ≈ ०.०६६
```

ह्यालाच बेजचं प्रमेय म्हणतात. थॉमस बेज हा इंग्लंडमधला पाद्री, त्याचा निबंध तो गेल्यावर १७६३ साली छापला गेला. फॉर्म्युला पाठ केलेली पोरं छेदातला दुसरा भाग विसरतात, झाड काढलेली विसरत नाहीत, कारण ते ९९० समोर दिसत असतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ०.००७ लाच उत्तर समजून थांबणं. ०.००७ म्हणजे सगळ्या दहा हजारांपैकी आजारीही आणि पॉझिटिव्हही असलेले. प्रश्नात "पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीला" असं असेल तर भागाकार बाकी आहे, आणि "निवडलेली व्यक्ती आजारी असून पॉझिटिव्ह येण्याची" असं असेल तर तिथंच थांबायचं. प्रश्न दोनदा वाचा, कुणापैकी विचारलंय ते बघा.

तीच टेस्ट, दुसरी माणसं

आता हा भाग पुस्तकात फारसा नसतो पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टेस्ट तीच ठेवा, किट तेच, फक्त माणसं बदला. सांध्यांच्या डॉक्टरकडं येणारे पेशंट घ्या, ज्यांच्या दोन्ही हातांची बोटं सुजलीत आणि सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. अशांमध्ये आजार असायची शक्यता समजा ४० टक्के धरली. १,००० जण घ्या. ४०० आजारी, त्यातले २८० पॉझिटिव्ह. ६०० जणांना हा आजार नाही, त्यातले ६० पॉझिटिव्ह. मैदानात उरले ३४०, त्यापैकी २८० आजारी, म्हणजे ८२ टक्के.

पॅकेजमध्ये ६.६ आणि डॉक्टरच्या दारात ८२, एकाच टेस्टचे. म्हणजे "पॉझिटिव्ह" ह्या शब्दाला स्वतःचं असं वजन नाही, टेस्ट कुणाची आणि का केली ह्यावर ते ठरतं. माझा राग पॅकेजवर आहे तो ह्यासाठी, लक्षण नसताना पंचवीस-तीस टेस्ट करायच्या म्हणजे एखादी तरी ठळक अक्षरात येणारच.

ह्याची उलटी बाजूही बघून ठेवा. त्याच डॉक्टरच्या दारातल्या झाडावर निगेटिव्ह टोकं आहेत १२० आणि ५४०. निगेटिव्ह आलेल्या ६६० पैकी १२० आजारी, म्हणजे १८ टक्के. बोटं सुजलेली असताना टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरी बसणं धोक्याचं. तेच पॅकेजवाल्या मैदानात ८,९४० निगेटिव्हांपैकी आजारी फक्त ३०, तिथं निगेटिव्ह आला तर निवांत झोपायला हरकत नाही.

दुसरी टेस्ट केली तर झाड कुठून सुरू करायचं

आम्ही काकीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी आधी बोटं दाबून बघितली, सकाळी आखडतात का विचारलं, आणि मग अँटी-सीसीपी नावाची दुसरी टेस्ट लिहून दिली. ही त्याच आजाराची पण वेगळी टेस्ट आहे, फॉल्स पॉझिटिव्ह कमी देते. हिशोबाला सेन्सिटिव्हिटी ७० आणि फॉल्स पॉझिटिव्ह ५ टक्के धरू.

इथं नवशिके परत १ टक्क्यापासून सुरू करतात, तसं करायचं नाही. पहिल्या टेस्टनं माणसं गाळून झालीत, आता बुंध्यावर १,०६० लिहायचे आणि फांद्यांवर ७० आणि ९९०.

```
१,०६०
├─ आजार आहे    →  ७०
│    ├─ +      →  ४९
│    └─ −      →  २१
└─ आजार नाही   → ९९०
     ├─ +      → सुमारे ५०
     └─ −      → सुमारे ९४०
```

दुसरीही पॉझिटिव्ह आली असती तर ४९ भागिले ९९, म्हणजे निम्मी शक्यता. काकीची निगेटिव्ह आली. २१ भागिले ९६१, म्हणजे साधारण २ टक्के. सुरुवातीला १ होता, मग ६.६ झाला, परत २ वर आला. डॉक्टरांनी एक्स-रे बघून गुडघ्याची झीज आहे म्हणून सांगितलं, मांडीचे व्यायाम दिले, ते काकी करते की नाही देव जाणे.

पण ह्या दुसऱ्या झाडात एक गृहीत धरलंय ते लपवत नाही. पहिल्या टेस्टला चुकलेला माणूस दुसऱ्या टेस्टला चुकायची शक्यता बाकीच्यांइतकीच आहे असं आपण मानलं. टेस्ट वेगळ्या जातीची असेल तर हे बऱ्यापैकी चालतं. तीच टेस्ट त्याच माणसावर परत केली तर मात्र नाही, कारण त्याच्या रक्तात जे काही पहिल्यांदा किटला फसवत होतं ते दुसऱ्यांदाही तिथंच असणार, नळी बदलली म्हणून ते जात नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर परत तीच टेस्ट करून कळेल, पण रक्तच फसवत असेल तर वेगळी टेस्टच हवी. सरकारी केंद्रात एचआयव्हीचं निदानसुद्धा म्हणूनच एका किटवर सांगत नाहीत, वेगवेगळ्या प्रकारच्या किटवर तपासतात.

झाडाची आणखी एक मर्यादा, ते फक्त हो किंवा नाही ओळखतं. काकीचे ३४ आणि एखाद्याचे ३०० हे दोन्ही झाडावर एकाच डहाळीला जाऊन बसतात, खरं तर ३०० म्हणजे जास्त पक्का पुरावा. ह्या आजाराचे २०१० चे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात लिमिटच्या तिपटीपर्यंतचा आकडा लो पॉझिटिव्ह धरतात, म्हणजे लिमिट २० असेल तर ६० पर्यंत. काकीचे ३४ त्यातच बसतात, हे पीडीएफमध्ये कुठं लिहिलेलं नव्हतं.

आता तुम्ही एक करा

हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये डॉक्टर आणि विद्यार्थी मिळून ६० जणांना हा प्रश्न विचारला होता, १९७८ साली तो छापून आला. आजार हजारात एकाला, फॉल्स पॉझिटिव्ह ५ टक्के, माणसाच्या लक्षणांबद्दल काहीच माहीत नाही, टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, तर खरंच आजार असायची शक्यता किती? सगळ्यात जास्त लोकांनी ९५ टक्के सांगितलं, बरोबर उत्तर ६० पैकी ११ जणांनाच आलं. प्रश्नात सेन्सिटिव्हिटी दिलेली नव्हती, तुम्ही ती १०० टक्के धरा, म्हणजे एक आजारी माणूस पॉझिटिव्हमध्येच जाईल. बुंध्यावर १,००० लिहा, ९९९ चे ५ टक्के काढताना सरळ ५० धरा. शेवटी मैदानात ५१ माणसं उरली आणि त्यातला एकच आजारी निघाला, म्हणजे २ टक्क्यांच्या आसपास, तर तुमचं झाड बरोबर आलंय. ९५ आले असतील तर परत पायरी ३ ला जा आणि खालची फांदी काढलीय का बघा.